तळाची डाळ

उस्तादाच्या हातचं खाऊन कुणी उपाशी उठलं, असं कधी झालं नाही. ही फुशारकी नव्हे, कारखान्यातला कुठलाही जुना माणूस हेच सांगेल. कारखान्याच्या कँटीनमध्ये त्याने आयुष्य काढलं. भल्या मोठ्या टोपात डाळ शिजायची, ओगराळं घेऊन तो स्वतः वाढायला उभा राहायचा, आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला डाळ मिळाली म्हणजे शेवटच्यालाही मिळणार, हे ठरलेलं. उभ्या दांड्याच्या त्या वाटीने डाळ अशी उचलायचा की खालची हलायचीसुद्धा नाही. निवृत्त होताना लोकांनी त्याला ते ओगराळंच भेट दिलं. इतरांना घड्याळं मिळतात, याला ओगराळं मिळालं, आणि घड्याळ मिळालं असतं तर तो रुसलाच असता.

बायको गेल्यापासून घरचं स्वयंपाकघरही त्याच्याच ताब्यात होतं. मुलगा बसच्या आगारात मेकॅनिक, सून शिलाईच्या कारखान्यात कॉलर जोडायची. दोघं दमून घरी यायची ती थेट ताटावर. सुनेला दिवस गेले तसा उस्तादाचा रुबाब आणखी वाढला. त्याने फर्मान काढलं की या घरात आता पहिलं ताट सुनेचं. मग मुलाचं. शेवटी त्याचं स्वतःचं, कारण आचारी सगळ्यांच्या मागून जेवतो, हा त्याचा जुना नेम. सुनेला आधी संकोच वाटला. सासरे उभे राहून वाढताहेत आणि आपण राणीसारखं बसून जेवतोय, हे तिला जड जायचं. पण उस्तादापुढे बोलणार कोण?

सहाव्या महिन्याच्या तपासणीला तोच तिच्यासोबत गेला. मुलाला रजा नव्हती. दवाखान्याची ती लांबट खोली, भिंतीला टेकून बाकं, बाकांवर पोटुशा बाया, आणि टेबलापाशी सिस्टर. सिस्टरने वजन केलं, मागचं वजन पाहिलं, परत वजन केलं. मग डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. बाळाची वाढ थोडी मागे आहे, त्या म्हणाल्या. घाबरण्यासारखं नाही, रक्त वगैरे सगळं ठीक आहे, पण आईचं वजन वाढायला हवं तसं वाढत नाहीये. असंच राहिलं तर मोठ्या रुग्णालयात दाखवावं लागेल, बाळ लहान जन्माला यायचा धोका असतो. जेवणाचं सिस्टर समजावून सांगतील.

सिस्टरने समजावलं. पोटातलं बाळ आता झपाट्याने वाढतं, तिने सांगितलं, त्याचं मांस, आईचं वाढीव रक्त, सगळं प्रथिनांतून घडतं. नेहमीच्या जेवणात जेवढी प्रथिनं असतात त्याच्यावर मधल्या महिन्यांत रोज दहाएक ग्रॅम जास्त हवीत, आणि शेवटच्या तीन महिन्यांत वीस-बावीस ग्रॅम. ऐकून सून घाबरली. सिस्टर म्हणाली, घाबरता काय, एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, पेलाभर दुधात सात-आठ, मूठभर शेंगदाण्यांत सात. झाले की वीस. आणि शिवाय दोन्ही वेळ वाटीभर डाळ किंवा कडधान्य तर हवंच, भाताशी नाहीतर पोळीशी, कारण धान्यात जे कमी असतं ते डाळ भरून काढते.

उस्तादाने पहिलं सगळं एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. डाळ हा शब्द मात्र त्याने झेलला. डाळ म्हणजे आपलं राज्य. अंडी, दूध, दाणे हे मधलं खाणं, आणि मधल्या खाण्याबद्दल त्याचं मत कँटीनमध्ये असतानाच पक्कं झालेलं होतं: दोन वेळ नीट जेवलं की मध्ये तोंड चालवायची गरज पडत नाही, ते सगळे रिकामटेकड्यांचे चाळे.

संध्याकाळी मुलगा घरी आला तो हातात एक भलामोठा डबा घेऊन. प्रथिनांची पावडर. डब्यावर एक हसरी गोंडस बाई पेला उंचावून उभी. उस्तादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपल्या घरात, आपली चूल पेटती असताना, आपल्या सुनेला बाहेरच्या भुकटीवर पोसायचं? तो बराच वेळ बोलला. घरचं अन्न, हातची चव, पिढ्यान्‌पिढ्या जन्मलेली धट्टीकट्टी पोरं, सगळं त्यात आलं. मुलगाही बापाचाच, ऐकून घेईना. शेवटी सुनेनेच मिटवलं. सिस्टर म्हणाली होती की पावडरीची गरज नाही, घरच्या जेवणातून भागतं, आणि न विचारता असलं काही घेऊ नका. मग डबा फळीवर सगळ्यात वर गेला. मुलगा मात्र जाता जाता एक वाक्य बोलून गेला.

“बाबा, पुढच्या तपासणीला फरक दिसला नाही तर तुमचं मी काही ऐकणार नाही. माझ्या पोराचा प्रश्न आहे.”

उस्तादाला हे लागलं. पोराचा प्रश्न आहे म्हणे. मग माझा तो कुणीच नाही का? पण दुसऱ्या दिवसापासून त्याने कंबर कसली. डाळ एक वाटीऐवजी दोन वाट्या. सकाळच्या डब्यात दोन, रात्रीच्या ताटात दोन. डाळ निवडून, धुऊन, भिजवून, मऊ शिजवून, वर लसणाची फोडणी. घरभर वास सुटायचा. शेजारची बाई खिडकीतून विचारायची, आज काय विशेष? उस्ताद म्हणायचा, विशेष काही नाही, रोजचंच. म्हणताना मिशा मात्र सारख्या करायचा.

सून बिचारी दोन्ही वाट्या संपवायची. संपवल्यावर पोट गच्च. पोळी एकच जायची, भाजीला जागा उरायची नाही, आणि तासाभराने पुन्हा पोटात कावळे ओरडायला लागायचे. शिलाईच्या यंत्रापाशी बसल्या बसल्या भूक लागायची, पण मधल्या खाण्याला घरात बंदी. शेजारणीच्या डब्यातले चार दाणे ती उचलायची आणि आपण सासऱ्यांना फसवतोय असं तिला वाटायचं. आणि उस्ताद? उस्ताद सगळ्यांच्या मागून टोप पुढ्यात ओढून जेवायचा, आणि त्याच्या पँटचं बटण हल्ली लागेनासं झालं होतं. वयाने होतं असं, तो स्वतःला समजावायचा.

पुढच्या वेळी सिस्टरने सांगून ठेवलं होतं, येताना दुपारचा डबा तसाच घेऊन या. बाकांवरच्या सगळ्याच बायांना सांगितलेलं. उस्तादाला हे पसंत पडलं. होऊन जाऊ दे. डबा पुसून लखलखीत केला, झाकणाला फडकं गुंडाळलं, आणि तो स्वतः छातीशी धरून घेऊन गेला.

वजन झालं. सिस्टरच्या चेहऱ्यावरून उस्तादाला कळायचं ते कळलं. वाढलं होतं, पण नावाला. बाळही तिथेच रेंगाळत होतं. सिस्टरने डबे उघडायला सांगितले. एकीच्या डब्यात नुसता भात आणि बटाटा, एकीच्या डब्यात पोळी आणि लोणचं. सिस्टर प्रत्येकीला हळू आवाजात काही सांगत पुढे सरकत होती. उस्ताद मनात म्हणाला, येऊ दे इकडे.

सिस्टर आली. तिने डाळीचा डबा उघडला, वास घेतला, वा म्हणाली. मग चमचा बुडवला. डबा बराच खोल होता, तरी चमच्याचं टोक खाली तळाशी दिसत होतं. तिने चमचा उचलून तिरका केला. पिवळं पाणी सरसर खाली गेलं, चमचा जवळपास कोरडा.

“ही डाळ नाही, बाबा. हे डाळीचं पाणी आहे.”

बाकांवरच्या साऱ्या बाया बघत होत्या. उस्तादाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्याने आवाज चढवला. माझी डाळ पाणी? सबंध कारखाना पोसलाय मी या हाताने. घरी या, टोप बघा, किती डाळ टाकतो ते मोजून बघा. सिस्टरने त्याला बोलू दिलं. ती भांडली नाही, हसलीही नाही. टाकत असाल हो, म्हणाली, चव सांगतेय की डाळ चांगली आहे. पण प्रथिनं डाळीच्या दाण्यात असतात, पाण्यात थोडीशीच उतरतात. दोन वाट्या पाणी पिऊन हिचं पोट भरतं आणि बाळाला काही पोहोचत नाही. मग तिने सहज विचारलं.

“तुमच्या वाटीतली डाळ अशीच असते का?”

उस्ताद म्हणाला, अर्थात. म्हणाला खरा, पण तो शब्द त्याच्या तोंडात थोडा अडखळला.

घरी येईपर्यंत तो झपाझप पुढे चालत राहिला. सून मागून हळूहळू चालत होती आणि तिला वाटत होतं, रागावले. घरात शिरल्यावर त्याने पायताण काढलं, हात धुतले आणि सरळ ओट्याशी गेला. सकाळचा टोप झाकलेला होता. त्याने ओगराळं घेतलं आणि रोजच्यासारखी एक वाटी भरली, सुनेची. हात आपोआप चालला. वरवर, अलगद, खालचं न हलवता. ती वाटी त्याने बाजूला ठेवली. मग टोप तिरका करून, तो स्वतः शेवटी घेतो तशी, तळाची दुसरी वाटी भरली. त्या वाटीत चमचा रोवला तर तो उभा राहिला.

उस्ताद स्टुलावर बसला.

कँटीनमध्ये जेवणाची सुट्टी झाली की आधी ऑफिसातली माणसं यायची, स्वच्छ कपड्यांतली, खुर्चीवर बसून काम करणारी. भट्टीवरची माणसं सगळ्यात शेवटी यायची, कारण भट्टी सोडून उठता यायचं नाही. घामाने निथळलेली, भुकेने डोळे खोल गेलेली. त्यांच्यासाठी उस्ताद तळ राखायचा. टोप कधी ढवळायचा नाही. वरचं पातळ आधी जायचं आणि खालची दाट डाळ भट्टीवाल्यांच्या ताटात पडायची. याचा त्याला केवढा अभिमान होता! साहेबांनाही पातळ, आणि कुणाला पत्ता नाही. निवृत्त झाला तरी हात तोच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. घरी त्याने मान म्हणून सुनेला पहिलं ताट दिलं आणि पहिल्या ताटात वर्षानुवर्षं जे पडत आलं तेच पडलं. तळ राहिला तो त्याच्या स्वतःच्या वाटीत. दोन जिवांची बाई पाण्यावर, आणि म्हातारा डाळीवर. त्याने आपल्या पोटाकडे पाहिलं. बटण आजही उघडंच होतं.

सून दारात उभी होती. तिने दोन्ही वाट्या पाहिल्या, आणि उस्तादाला कळलं की तिला हे माहीत होतं.

“पोरी, तू बोलली का नाहीस?”

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “तुम्ही मला पहिलं ताट देता, बाबा. माझ्या आयुष्यात मला पहिलं ताट कुणी दिलेलं नाही. त्यात खोट कशी काढू?”

उस्ताद स्टुलावरून उठला. त्याने ती दाट वाटी तिच्यासमोर सरकवली आणि पातळ वाटी स्वतःच्या तोंडाला लावली. एका घोटात संपली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो म्हणाला, आणि मग दोघंही हसायला लागले. हसता हसता उस्तादाने डोळे पुसले.

त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने काम सुरू झालं, आणि उस्ताद काम करायला लागला की बघत राहावं. सिस्टरने सांगितलेलं, जे त्याने सोडून दिलं होतं, ते त्याने सुनेकडून पुन्हा नीट ऐकलं. वाढायच्या आधी टोप तळापासून ढवळायचा, ही पहिली गोष्ट. ओगराळं तळाला टेकल्याशिवाय वर यायचं नाही. डाळीत पाणी कमी. दोन वाट्यांची एकच वाटी झाली, पण चमचा उभा राहील अशी. पोटात जागा राहिली, तशा दोन पोळ्या जायला लागल्या, भाजीही.

आणि मधल्या खाण्यावरची बंदी त्याने स्वतः उठवली. हे सोपं नव्हतं, सबंध आयुष्याचं मत होतं. पण गाडी एकाच चाकावर चालत नाही, हे त्याला पटलं होतं. सकाळी एक अंडं, आतला बलक घट्ट होईपर्यंत उकडलेलं. दुधाचा वास सुनेला सहन होईना, म्हणून त्याने दही लावलं. दुधातलं सगळं दह्यात असतंच, सिस्टरने मान डोलावली. डब्यासोबत कागदाच्या पुडीत मूठभर भाजलेले शेंगदाणे, ते यंत्रापाशी बसून चार-चार करून खायचे. संध्याकाळी आल्या आल्या शिजवलेली चवळी नाहीतर हरभरे, कधी कांदा घालून, कधी टोमॅटो घालून. महागडं काही नाही. सगळं कोपऱ्यावरच्या वाण्याकडचं.

शिलाईच्या कारखान्यातल्या बाया पुडी उघडली की हात पुढे करायच्या. हे कळल्यावर उस्तादाने पुडी मोठी केली, म्हणजे वाटूनही सुनेला मूठ उरेल. शेजारच्या बाईने खिडकीतून विचारलं, आज काय विशेष? उस्ताद म्हणाला, वीस ग्रॅम. बाई गोंधळून खिडकी लावून घेऊ लागली, तर त्याने तिला थांबवून सगळं समजावलं, चमचा उभा करून दाखवण्यासकट.

मुलाने फळीवरच्या डब्याकडे अधूनमधून बघणं सोडलं नव्हतं. पण पुढच्या तपासणीला तो रजा काढून स्वतः आला. सुनेला आत नेलं तेव्हा बापलेक बाकावर शेजारी बसले, दोघांचे गुडघे एकाच लयीत हलत होते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा हसत होत्या. वजन छान वाढलंय, बाळानेही वेग घेतला आहे. नुसत्या जेवणानेच सगळं होतं असं नाही, त्यांनी बजावलं, तपासण्या चुकवू नका, गोळ्या चालू ठेवा. पण जे करताय ते सोडू नका, शेवटच्या महिन्यांतच जास्त लागतं.

मुलाने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. घरी आल्यावर त्याने स्टुलावर चढून तो डबा खाली काढला, सील तसंच होतं, आणि दुकानात परत करायला घेऊन गेला. डब्यावरची बाई अजूनही हसत होती.

मुलगी झाली. वेळेवर झाली, आणि जन्मल्या जन्मल्या अशी रडली की बाहेर उभ्या असलेल्या उस्तादाने तिचा आवाज दाराआडून ओळखला. निदान तो तसं सांगतो. वजन चांगलं भरलं. आगाराच्या गणवेशातला मुलगा भिंतीकडे तोंड करून रडला, आणि उस्ताद त्याला म्हणाला, वेडा का तू? आणि स्वतःही रडला.

दुपारी रुग्णालयाच्या प्रसूती वॉर्डात जेवणाची गाडी आली. दोन्हीकडे खाटा, खाटांवर ओल्या बाळंतिणी, आणि मधून ढकलगाडी घेऊन एक वाढपी. तरुण होता, घाईत होता, अजून पुढच्या खोल्या बाकी होत्या. त्याने झाकण काढलं, ओगराळं बुडवलं आणि भरभर वाढायला सुरुवात केली. पहिल्या खाटेवर पातळ. दुसऱ्या खाटेवर पातळ. उस्ताद सुनेच्या उशाशी बसून होता, मांडीवर नात, डोळे मात्र ओगराळ्यावर. डाळ हलत नव्हती. हात बघून त्याला कळलं, पोरगं हुशार आहे, पुढच्या खोल्यांसाठी तळ राखतंय.

सुनेने ते पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले. तिला ठाऊक होतं आता काय होणार.

उस्ताद उठला. गाडीपाशी गेला. त्या पोराच्या हातातून त्याने ओगराळं हिसकावून घेतलं नाही. आचारी दुसऱ्याच्या हातातलं ओगराळं घेत नसतो. त्याच्या हातावर फक्त आपला हात ठेवला.

“हात चांगला आहे तुझा. तळ कुणासाठी राखतोस?”

पोरगं दचकलं. म्हणालं, शेवटच्या खोलीत आजारी म्हातारी माणसं आहेत, त्यांना दाट मिळावं म्हणून. उस्तादाने मान हलवली. त्याला त्या पोराला मिठीच मारावीशी वाटली.

“माहीत आहे. मीही असाच वाढत आलो. पण इथल्या या सगळ्या दोघांचं जेवतायत. दूध यायचंय त्यांना. तळापासून ढवळ, म्हणजे यांनाही पोहोचेल आणि त्यांनाही.”

पोराने ओगराळं तळाला टेकवलं. जाड, पिवळी डाळ गरगरत वर आली. तो मागे वळला आणि पहिल्या खाटेपासून पुन्हा वाढत आला, प्रत्येकीच्या वाटीत, एकसारखी. उस्ताद गाडीबरोबर चालत राहिला, रांगेतल्या शेवटच्या खाटेपर्यंत. सुनेच्या खाटेशी आल्यावर तिने वाटी हातात घेतली, चमचा रोवला आणि हात काढून घेतला.

चमचा उभा राहिला. शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, हे कोण गं?

“माझे सासरे,” सून म्हणाली. “माझी मुलगी यांच्या हातच्या डाळीवर पोसलीय.”